सॅंक्शन लेटर आणि अ‍ॅग्रीमेंट: सही करण्याआधी कुठला आकडा कशाशी ताडायचा

गृहकर्ज घेणाऱ्या नव्या माणसाची सगळी धास्ती कर्ज मंजूर होईपर्यंतच असते. सॅंक्शन लेटर हातात पडलं की तो पेढे वाटून मोकळा होतो. पुढे शाखेत बोलावून साठ-सत्तर पानांचा गठ्ठा समोर ठेवतात. जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या असतात. सही, पुढचं पान, सही, पुढचं पान, आणि अर्ध्या तासात काम संपतं. पण देणं ठरतं ते या गठ्ठ्यावरून. सॅंक्शन लेटर म्हणजे बँकेने "या अटींवर कर्ज देऊ" असं लिहून दिलेला प्रस्ताव. वाद झालाच तर आधी पाहिलं जातं ते अ‍ॅग्रीमेंट.

मी बरीच वर्षं कर्जाच्या फायली हाताळल्या आहेत, आणि अजूनही नात्यातलं कुणी ना कुणी कागद घेऊन घरी येतं. इथे मी व्याजदर, प्रोसेसिंग फी आणि मुदत हे तीनच आकडे घेते. त्यातही जास्त वेळ व्याजदरावर, कारण फसगत तिथेच होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आधी कागद हातात घ्या

सह्यांच्या दिवशी शाखेत बसून ताळा जमत नाही. समोर अधिकारी बसलेला, मागे पुढचा ग्राहक ताटकळत उभा, अशात कोण आकडे लावणार? म्हणून सह्यांच्या दोन-तीन दिवस आधी शाखेला ईमेल करा: "अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा आणि भरलेलं शेड्यूल पाठवा." फोनवर मागितलं तर "सगळं स्टॅंडर्ड आहे हो" एवढंच ऐकायला मिळतं. ईमेलला मात्र उत्तर द्यावं लागतं.

तुमच्याकडे तीन कागद हवेत. पहिलं सॅंक्शन लेटर. दुसरं केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं विवरणपत्र. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासोबत ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तुम्हाला इंग्रजी जड जात असेल तर मराठीतलं केएफएस मागायला अजिबात लाजू नका. ते दिल्यावर विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात त्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक असतात. "आजच सही करा, नाहीतर ऑफर जाईल" असं कुणी म्हणालं तर हे तीन दिवस त्याच्या कानावर घाला.

तिसरा कागद म्हणजे अ‍ॅग्रीमेंट. ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर दहाव्या पानावर झोप येईल, कारण पुढचा सगळा मजकूर छापील आणि सर्वांना सारखाच असतो. तुमचे आकडे असतात शेवटी जोडलेल्या तक्त्यात, त्यालाच शेड्यूल म्हणतात. तिथून सुरुवात करा. शेड्यूल कोरं असेल आणि "तुम्ही सही करा, आम्ही नंतर भरतो" असं सांगितलं, तर सही करू नका. यात सूट नाही. कोऱ्या शेड्यूलवर सही केली की ताळा करायला उरतच काय?

ओटीपी टाकून मोबाइलवर सही करायची असेल तर पीडीएफ आधी उतरवून घ्या. त्या छोट्या पडद्यावर शेवटच्या पानापर्यंत कुणी जात नाही.

व्याजदर: बेरीज जुळली तरी पदं तपासा

बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावं लागतं. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला आहे. त्यामुळे तुमच्या व्याजाचे दोन तुकडे असतात: रेपो, आणि त्यावर बँकेने लावलेलं मार्जिन. कागदावर त्याला स्प्रेड म्हणतात. रेपो रिझर्व्ह बँक ठरवते आणि तो वर-खाली होत राहतो. स्प्रेड मात्र तुमच्या आणि बँकेच्या कराराचा भाग. कर्ज एकदा सुरू झालं की बँकेला तो मनाला येईल तसा वाढवता येत नाही. म्हणजे वीस वर्षं तुमच्या सोबत राहणार आहे तो स्प्रेड. ताडायचा आकडाही तोच.

गेल्या वर्षी माझा धाकटा मावसभाऊ फाइल घेऊन आला होता. कर्ज ३० लाख, मुदत २४० महिने, फ्लॅट तयार. सॅंक्शन लेटर मे २०२५ मधलं. त्यात लिहिलं होतं: रेपो ६.०० टक्के, स्प्रेड २.५० टक्के, एकूण दर ८.५० टक्के, हप्ता २६,०३५ रुपये. सह्या होत्या जूनच्या अखेरीस. त्याने घरी बसून ताळा केला होता आणि खूश होता.

"ताई, सगळं जुळतंय. दर साडेआठ, हप्ता सव्वीस हजार पस्तीस. तू फक्त नजर टाक."

खरंच जुळत होतं. दर तोच आणि हप्ताही रुपयाला रुपया तोच. पण मधल्या काळात, ६ जून २०२५ ला, रिझर्व्ह बँकेने रेपो अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्के केला होता. मग साडेआठ हा आकडा जागेवर राहिला कसा? शेड्यूलच्या दुसऱ्या पानावर उत्तर सापडलं. रेपो ५.५० टक्के, स्प्रेड ३.०० टक्के. रेपो अर्धा टक्का उतरला आणि स्प्रेड अर्धा टक्का चढला. बेरीज तीच, म्हणून त्याच्या लक्षातच आलं नाही.

सॅंक्शन लेटरच्या अटींप्रमाणे दर व्हायला हवा होता ५.५० अधिक २.५०, म्हणजे ८.०० टक्के. त्या दराने हप्ता बसतो २५,०९३ रुपये. महिन्याला ९४२ रुपयांचा फरक. २४० हप्त्यांत तो सव्वादोन लाखांच्या वर जातो.

शाखेतल्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं, "मॅडम, रेट तर तोच आहे ना? ग्राहकाला साडेआठच सांगितलं होतं." माणूस लबाड नव्हता. वरून नवा नमुना आला होता आणि त्यात नवं मार्जिन भरलेलं होतं. मी सॅंक्शन लेटरमधलं एक वाक्य त्याच्यापुढे ठेवलं: पैसे दिले जातील त्या दिवशीचा रेपो धरून दर ठरेल, स्प्रेड २.५० टक्के. पत्राची मुदतही अजून संपलेली नव्हती. तीन दिवसांनी शेड्यूल दुरुस्त होऊन आलं.

तेव्हा तुम्ही काय करायचं? सॅंक्शन लेटर, केएफएस आणि शेड्यूल या तिन्हींतून रेपो, स्प्रेड आणि एकूण दर हे तीन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढा. केएफएसमध्ये हे तीन रकाने वेगवेगळे असतातच, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. स्प्रेड तिन्हीकडे सारखा हवा. रेपो सॅंक्शननंतर बदलला असेल तर एकूण दर त्याच मापाने बदललेला दिसायला हवा, वर गेला असेल तर वर आणि खाली आला असेल तर खाली. रेपो वाढल्यामुळे दर वाढला असेल तर भांडायला जागा नाही, ते कबूल करावं लागतं.

सॅंक्शन लेटरची मुदत मात्र आधी पाहा. ती बहुधा काही महिन्यांचीच असते. ती उलटून गेली असेल तर बँक नव्या अटींवर नवं पत्र देऊ शकते. मग ताळा त्या नव्या पत्राशी घालायचा.

आणखी दोन गोष्टी याच पानावर मिळतात. एक, दर किती दिवसांनी बदलणार. रेपोला जोडलेल्या कर्जात निदान तीन महिन्यांतून एकदा तरी तो नव्याने लावायला हवा. दुसरी, सवलतीच्या अटी. "महिलांसाठी ०.०५ टक्का कमी" किंवा "पगाराचं खातं आमच्याकडे असेल तर" अशी सवलत सॅंक्शन लेटरमध्ये स्प्रेडमधून वजा केलेली असते. अ‍ॅग्रीमेंटमध्ये ती अट मोडल्यास स्प्रेड किती वाढेल हेही लिहिलेलं असतं. नोकरी बदलली, पगाराचं खातं हललं आणि दर चढला, असं पुढे होतं.

कर्ज बँकेचं नसून हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर रेपोला जोडण्याची सक्ती नाही. तिथे कंपनीचा स्वतःचा मूळ दर असतो आणि त्यातून सूट वजा केलेली असते. अशा कर्जात स्प्रेडच्या जागी ती सूट ताडा. मूळ दर कधी आणि कशावरून बदलेल, हेही अ‍ॅग्रीमेंटमध्ये वाचा. मला विचाराल तर या कर्जांत जास्त सावध राहावं लागतं, कारण दोन्ही तुकडे त्यांच्याच हातात असतात.

हप्त्यावरून उलटा हिशेब

कागदावर छापलेला दर आणि छापलेला हप्ता एकमेकांशी जुळतात का, हे कुणाच्याही भरवशावर सोडू नका. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये एका ओळीत कळतं. हप्ता काढायचा असेल तर:

```
=PMT(8.5%/12,240,-3000000)
```

उत्तर २६,०३४.७० येतं, म्हणजे २६,०३५. पण मला जास्त उपयोगी वाटतं ते उलटं सूत्र. महिने, हप्ता आणि रक्कम द्या, प्रत्यक्ष पडणारा दर मिळवा:

```
=RATE(240,-26035,3000000)*12
```

खान्यात ०.०८५ किंवा नुसतं ९% दिसलं तर घाबरू नका, दशांश वाढवा, ८.५०% दिसेल. इथे शेड्यूलवरच्या दरापेक्षा मोठा आकडा आला तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण निघतं. महिने चुकलेले असतात, किंवा कर्जाची रक्कमच गुपचूप वाढलेली असते. रक्कम वाढण्यामागे बहुधा विमा असतो. कर्जाच्या संरक्षणाची पॉलिसी काढून तिचा हप्ता कर्जातच मिसळतात आणि ३०,००,००० चे ३०,८५,००० होतात. ८ टक्क्यांनी वीस वर्षं धरली तर या ८५,००० वर महिन्याला आणखी ७११ रुपये जातात. विमा हवा असेल तर जरूर घ्या. पण तो तुम्ही मागितला होता का आणि सॅंक्शन लेटरमध्ये होता का, एवढं विचारून घ्या.

प्रोसेसिंग फी

हा भाग सोपा आहे. सॅंक्शन लेटरमध्ये फी टक्क्यांत लिहिलेली असते, खात्यातून जाते रुपयांत, आणि मधे १८ टक्के जीएसटी लागतो. मावसभावाच्या पत्रात फी ०.३५ टक्के होती. ३० लाखांवर १०,५०० रुपये, त्यावर जीएसटी १,८९०, एकूण १२,३९०. शेड्यूलमध्ये मात्र ०.५० टक्के छापलं होतं, म्हणजे १५,००० अधिक २,७००, एकूण १७,७००. फरक ५,३१० रुपये. हा त्याच नव्या नमुन्याचा दुसरा प्रताप होता आणि स्प्रेडसोबतच दुरुस्त झाला.

अर्ज करताना लॉगिन फी म्हणून दोन-तीन हजार भरले असतील तर ते प्रोसेसिंग फीत वळते करणार की वेगळे धरणार, हे सॅंक्शन लेटरमध्ये शोधा. एजंट तोंडी "अ‍ॅडजस्ट होतील" म्हणतो आणि शेवटी होत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फी कशी कापणार तेही पाहा. ती कर्जाच्या रकमेतून वजा होणार असेल तर बिल्डरला जाणारा चेक तेवढ्याने कमी पडतो आणि ऐनवेळी खिशात हात घालावा लागतो.

वकील आणि मूल्यांकन करणाऱ्याचे पैसे, मुद्रांक शुल्क, महाराष्ट्रात गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदवण्याचा खर्च, हे सगळं प्रोसेसिंग फीच्या बाहेरचं असतं. तेव्हा एकूण रक्कम मोठी दिसली म्हणून लगेच चोरी समजू नका. केएफएसमध्ये बँकेचे स्वतःचे आकार आणि बँकेमार्फत इतरांना जाणारे आकार वेगवेगळे दाखवलेले असतात. ती यादी आणि शेड्यूलमधली यादी ओळीला ओळ लावून पाहा. नियम कर्जदाराच्या बाजूचा आहे: जो आकार केएफएसमध्ये नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या संपूर्ण काळात लावता येत नाही. म्हणून सह्यांच्या गठ्ठ्यात "इतर आकारांना संमती" असं काही मिसळलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

मुदत: मोजणी कुठून सुरू होते?

सॅंक्शन लेटरमध्ये २० वर्षं आणि शेड्यूलमध्ये २४० महिने असेल तर प्रश्न मिटला, असं वाटतं. तयार घराच्या कर्जात बहुतेक वेळा मिटतोही. बांधकाम चालू असलेल्या घरात मात्र मुदत कुठून मोजतात, यावर सगळं अवलंबून असतं.

अशा घराचे पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात. समजा ३० लाखांपैकी पहिले १२ लाख दिले. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत तुम्ही दर महिन्याला फक्त दिलेल्या रकमेचं व्याज भरता. याला प्री-ईएमआय म्हणतात. ८ टक्क्यांनी १२ लाखांवर ते महिन्याला ८,००० रुपये होतं आणि मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही. ताबा दोन वर्षांनी मिळाला तर हे २४ महिने २४० मध्ये धरलेले आहेत की वेगळे? सॅंक्शन लेटरमध्ये "एकूण मुदत २४० महिने, स्थगिती काळासह" आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये "पहिल्या हप्त्यापासून २४० महिने" असं असेल, तर आकडा जुळूनही कर्ज दोन वर्षांनी लांबलेलं असतं. उलटं असेल तर हप्ते फक्त २१६ उरतात आणि प्रत्येक हप्ता मोठा होतो. तुम्हाला यातलं कुठलंही चालेल, पण दोन्ही कागदांवर एकच असायला हवं. शेड्यूलमध्ये हप्त्यांची संख्या, पहिल्या हप्त्याची तारीख आणि शेवटच्या हप्त्याची तारीख या तीन गोष्टी लिहून मागा. तारखा दिसल्या की शब्दांचा घोळ उरत नाही.

रेपो पुढे वाढला तर काय, हेही याच कलमात येतं. पूर्वी बँका न विचारता मुदत ताणत. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनंतर दर नव्याने लावताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं-थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. अ‍ॅग्रीमेंटमध्ये तो पर्याय तुमच्या हातात ठेवला आहे की "मुदत बँकेच्या निर्णयानुसार" असं जुनं वाक्य तसंच पडून आहे, ते पाहा. तुमच्या निवृत्तीचं वय जवळ येत असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

न जुळल्यास

आधी एक कलम शोधा. ते बहुधा अ‍ॅग्रीमेंटच्या सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतं: सॅंक्शन लेटर या कराराचा भाग आहे की नाही, आणि दोन्हींत तफावत असेल तर कुणाचं चालेल. "हा करार आधीच्या सर्व पत्रव्यवहाराची जागा घेतो" असं असेल, तर सही केल्यावर सॅंक्शन लेटर दाखवून फारसा उपयोग होत नाही. म्हणून दुरुस्ती सहीच्या आधीच व्हायला हवी.

मग शाखेला छोटा ईमेल लिहा. तक्रारीचा सूर नको, तीन ओळी पुरतात: "सॅंक्शन लेटर क्रमांक अमुक, दिनांक तमुक यात स्प्रेड २.५० टक्के आहे, शेड्यूलमध्ये ३.०० टक्के आहे. कृपया शेड्यूल दुरुस्त करून पाठवा किंवा फरकाचं कारण लेखी कळवा." दोन्ही पानांचे फोटो जोडा. उत्तर "सिस्टिममध्ये बरोबर आहे, छापताना चुकलं" असं आलं तरी दुरुस्त छापील पान हवंच. पेनाने खाडाखोड केली असेल तर तिथे बँकेच्या अधिकाऱ्याची आणि तुमची, दोघांची सही हवी. सहकर्जदार असेल तर त्याचीही.

सही होऊन गेल्यावर फरक लक्षात आला तर शाखा, मग बँकेचा नोडल अधिकारी, या क्रमाने लेखी तक्रार करा. नोडल अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल केएफएसच्या दुसऱ्या भागात असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे केएफएस आणि सॅंक्शन लेटरच्या प्रती लागतील, तेव्हा हे कागद घर बदललं तरी हरवू नका.

सह्या झाल्यावर अ‍ॅग्रीमेंटची प्रत सगळ्या जोडपत्रांसह मागून घ्या. ती मिळणं तुमचा हक्क आहे. "हेड ऑफिसला गेली आहे" म्हणाले तर कधी मिळेल ते ईमेलवर विचारा. आणि पैसे दिले गेल्यावर पहिल्या महिन्यात कर्जखात्याचा उतारा काढा. व्याज प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या तारखेपासून लागलंय की सहीच्या तारखेपासून, ते पाहा. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमकी हीच चूक अनेक ठिकाणी पकडली आणि जास्तीचं व्याज परत करायला लावलं होतं. मावसभावाच्या उताऱ्यात दर ८.०० टक्के आणि फी १२,३९० होती, पण व्याज चार दिवस आधीपासून लागलं होतं. त्या चार दिवसांचे २,६३० रुपये परत यायला आणखी दोन ईमेल लागले.